बोलणाऱ्या नदीचे नाव: प्रकल्प नोंदी

४ जून

दुसऱ्या खर्ड्यात नदीच्या नावाच्या जागी सगळीकडे फुली मारलेली आहे. चित्रकाराला नकाशा सुरू करायचा असल्यामुळे ती जागा आता भरावी लागणार. नावे सुचवण्याआधी ही नदी कथेत नेमके काय करते ते मांडून ठेवतो, कारण तसे न केल्यास कानाला गोड लागेल ते नाव पसंत होते आणि ते कोणत्याही नदीला चालण्यासारखे असते.

आपली नदी बोलते, पण तिला केवळ वरच्या अंगाला घडलेलेच ठाऊक असते. काठावर कोणी काही बोलले की ते शब्द पाण्याबरोबर खाली वाहत जातात. खाली मारलेली हाक मात्र वर येत नाही. मैना वरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळ वस्तीतली आहे. तिचा भाऊ तानू खालच्या नावाड्यांकडे गेला आणि परतला नाही, म्हणून ती काठाकाठाने खाली उतरत जाते. नदी बोलते हे तिसऱ्या प्रकरणापर्यंत कोणालाच माहीत नसते.

एवढ्यावरूनच पहिली छाननी होते. बोलगंगा, वाचाळी, सांगती ही सगळी नावे आज खोडली, कारण ती मुखपृष्ठावरच गुपित फोडतात. शिवाय गावकऱ्यांना नदीचे बोलणे ऐकू येत नसेल, तर त्यांनी तिला ‘बोलगंगा’ म्हणावे कशासाठी? नाव लेखक ठेवत असला तरी कथेत ते कोणीतरी ठेवलेले असते, आणि त्या माणसांना नदीबद्दल जेवढे ठाऊक असेल तेवढेच त्या नावात येऊ शकते.

७ जून

संपादिकाबाईंनी सरिता, तटिनी, तरंगिणी, निर्झरा अशी यादी पाठवली. ऐकायला सगळी चांगली आहेत. अडचण अशी की सरिता, तटिनी आणि तरंगिणी यांचा अर्थच ‘नदी’ असा आहे, आणि निर्झरा हे झऱ्याचेच नाव आहे. नदीचे नाव ‘नदी’ असू नये असे नाही. इंग्लंडमधल्या ॲव्हन नदीचे नाव जुन्या ब्रिटॉनिक भाषेतल्या ‘नदी’ याच शब्दावरून आलेले आहे, आणि सिंहली भाषेत ‘गंगा’ म्हणजे कोणतीही नदी, म्हणून श्रीलंकेतली मोठी नदी महावेली गंगा होते. पण तिथे रोजच्या व्यवहारातला साधा शब्दच परक्यांच्या कानी पडून नाव म्हणून रुजला. काठावरच्या माणसांना आपल्या नदीचे नाव क्वचितच घ्यावे लागते. ती ‘नदीवर जाऊन येतो’ एवढेच म्हणतात. सरिता आणि तरंगिणी हे शब्द मात्र ग्रंथांतले आहेत आणि मेंढपाळांच्या तोंडी ते बसणार नाहीत. त्यात वाचणाऱ्या मुलाच्या वर्गात एखादी सरिता असण्याचा संभव मोठा. मग बोलणारी नदी बाजूला राहते आणि मूल आपल्या मैत्रिणीचाच चेहरा डोळ्यांसमोर आणते.

तरीही ‘सरिता’ने एक उपयोगी गोष्ट दाखवून दिली, तिची नोंद करून ठेवतो. मराठीत आकारान्त नदीचे नाव विभक्तीत बदलते. आपण कृष्णेचे पाणी, कोयनेचे खोरे, भीमेचा पूर असे म्हणतो. त्याच नावाची मुलगी असेल तर आज बहुतेक जण कृष्णाचे पुस्तक, कृष्णाला सांग असेच म्हणतात. म्हणजे ‘सरितेला’ म्हटले की नदी आणि ‘सरिताला’ म्हटले की मुलगी. तिसऱ्या प्रकरणाआधी ‘सरितेला’ आणि नंतर ‘सरिताला’ असे लिहून नदीची व्यक्ती झाल्याचे केवळ विभक्तीतून दाखवता येईल, हा विचार दिवसभर मनात घोळत राहिला. शेवटी सोडून दिला. मुद्रितशोधक यातले एक रूप चूक समजून सगळीकडे दुसरे करील, आणि तो तसे वागला तर त्याला दोष देता येणार नाही.

९ जून

आज दुसऱ्या टोकाची नावे तपासली. कल्पनारम्य कथांच्या भाषांतरांत आढळतात तशी, कोणत्याच भाषेतली नसलेली आणि व्यंजनावर संपणारी, एलुरिन या घाटाची ती नावे. कागदावर त्यांना परकेपणाचे तेज असते, परंतु मराठी वाक्यात घातली की ती अडखळतात. ‘एलुरिनने नाव पुढे ढकलली’ यात दोन न लागोपाठ येतात, मोठ्याने वाचणाऱ्याची जीभ तिथे ठेचकाळते आणि ऐकणाऱ्याला नाव एलुरी होते की एलुरिन हे कळत नाही. दुसरे असे की अशा नावाला लिंग नसते. आपली नदी स्वतःविषयी बोलते तेव्हा ‘मी आले’, ‘मी वळले’ असे म्हणणार, म्हणून नाव ऐकताच ती ‘ती’ आहे हे समजायला हवे.

लिंगाचा विचार निघालाच आहे तर, नदीऐवजी नद करावा काय, हेही पाहिले. ब्रह्मपुत्र आणि शोण यांना परंपरेने नद म्हणतात. ‘मी आलो, मी डोंगर फोडला’ असे दणक्यात बोलणारे पात्र दुसऱ्या एखाद्या कथेत शोभेल. आपल्या पात्राचा स्वभाव ऐकून घेण्याचा आहे आणि मैना तिला ‘अगं’ म्हणणार आहे. ‘अरे’ म्हटल्याने त्यांच्यातले नाते पार बदलून जाते.

१३ जून

हाकेची चाचणी घेतली. कथेत मैना नदीला किमान दोन ठिकाणी दुरून हाक मारते, त्यातली एक रात्री, धुक्यात. हाक मारताना आपण शेवटचा स्वर लांबवतो, म्हणून नाव दीर्घ स्वरावर संपणारे हवे. ‘झेलम’ हे वाचायला देखणे नाव आहे, पण ते दरीत ओरडून पाहावे: शेवटच्या म्-वर ओठ मिटतात आणि आवाज तिथेच थांबतो. आकारान्त नाव हाकेत एकारान्त होते, गंगा म्हणजे गंगे, आणि ते फार सुंदर आहे. परंतु तसे संबोधन आता मुख्यत्वे स्तोत्रांत आणि गाण्यांत उरले आहे, त्यामुळे मैनाच्या तोंडी ते आले की ती आरती म्हणते आहे असे वाटते. ईकारान्त नाव मात्र हाकेत, कर्त्यात आणि कर्मात जसेच्या तसे राहते. नुकते वाचू लागलेल्या मुलाला दर वेळी तेच नाव तसेच दिसते, हा लाभ लहान नाही.

तेव्हा ठरले: स्त्रीलिंगी, ईकारान्त, तीन अक्षरांच्या आत, पहिल्या अक्षरावर जोर देता येईल असे.

१८ जून

नाव कोणी ठेवले असेल या प्रश्नाकडे परत आलो. बोलणाऱ्या नद्यांचा फार जुना दाखला ऋग्वेदात आहे. तिसऱ्या मंडलातले तेहतिसावे सूक्त हा विश्वामित्र आणि विपाश्, शुतुद्री या दोन नद्यांचा संवाद आहे. गाड्या घेऊन आलेला विश्वामित्र त्यांना उतार द्या म्हणून विनवतो, आणि पाणी गाड्यांच्या आसांच्या खाली राहू द्या अशी त्याची अगदी नेमकी मागणी आहे. पूर्वी वाचले होते तेव्हा नद्या बोलतात हेच लक्षात राहिले होते. या वेळी दुसरे काही टिपले. कवी त्यांना ‘बहिणींनो, ऐका’ असे म्हणतो आणि नद्या उत्तर देतात की तुझे म्हणणे आम्ही ऐकतो, मगच त्या वाकतात. त्याआधी त्याच नद्या कवीला बजावतात की हे वचन विसरू नकोस, पुढच्या युगांतले लोक ते ऐकतील. म्हणजे या नद्यांचे बोलणे त्यांच्या ऐकण्यातून निघते, आणि त्यांना आठवणीची चाड आहे.

आपली नदीही तशीच आहे. तिच्या बोलण्यात स्वतःचे काहीच नसते, ऐकलेलेच सगळे असते. तेव्हा नावात वाचा नको, कान हवेत. ज्या पूर्वजांनी तिला नाव दिले त्यांना तिचे हे कसब ठाऊक होते; नंतरच्या पिढ्या ते विसरल्या आणि नाव तेवढे मागे उरले. गुपित नावातच दडलेले आहे, पण ते कोणालाच दिसत नाही, असे करता आले तर नवव्या प्रकरणात मैनाला ते आपले आपण उलगडता येईल.

२० जून

जुने नाव ‘कर्णवती’, म्हणजे कान असलेली, असे धरले आणि माणसांच्या तोंडी ते कसे झिजले असते ते पायरीपायरीने काढले. ‘कर्ण’चे प्राकृतात ‘कण्ण’ होते आणि मराठीत ‘कान’. पर्णाचे पान होते तीच ही वाट. शेवटच्या ‘वती’साठी नमुना इरावती नदीचा घेतला, जी आज रावी आहे, तिथे ‘वती’ची ‘वी’ झालेली दिसते. दोन्ही जोडले की कर्णवतीची होते कानवी.

नाव मनात बसले. ईकारान्त आहे, स्त्रीलिंगी आहे, ‘का’वर जोर देता येतो, आणि ‘कानवीऽऽ’ अशी हाक दूरवर जाते. हुडकून ठेवलेले नसून वापरून वापरून गुळगुळीत झालेले वाटते, हे मला सर्वांत मोलाचे वाटते.

शंका एकच होती: ‘कान’ इतका उघड असताना मुलांना गुपित आधीच कळणार नाही काय? त्यासाठी खऱ्या नद्यांकडूनच एक युक्ती उसनी घेतली. शुतुद्री हे नाव पुढे शतद्रू झाले आणि त्यातून ‘शंभर धारांनी धावणारी’ असा अर्थ सांगितला जाऊ लागला. मूळ अर्थ हरवला की लोक नाव मोकळे सोडत नाहीत, त्यात आपल्या समजुतीचा अर्थ भरतात. म्हणून दुसऱ्या प्रकरणात मैनाची आजी तिला सांगेल की ही डोंगराच्या कानाकोपऱ्यांतून वाहते, म्हणून हिला कानवी म्हणतात. वाचणाऱ्या मुलाला ‘कान’चा खुलासा मिळतो, त्याचे समाधान होते आणि ते पुढे जाते. खरा कान नंतर सापडतो.

२१ जून

लेखनाविषयी: ‘कानवी’ असेच लिहायचे, ‘कान्वी’ नाही. मानवी, कानडी या शब्दांत न पूर्ण लिहितो आणि उच्चारात तो आपोआप अर्धा होतो, तसेच इथे. शैलीपत्रकात ही ओळ घातली.

२५ जून

आज नाव पूर्ण मजकुरात घालून वाचले, आणि आजवरच्या कामातला सर्वांत रोचक भाग हाच निघाला. नुसता शब्द बदलायचा असे वाटले होते. प्रत्यक्षात प्रत्येक वाक्यात ही नदी वस्तू आहे की व्यक्ती, याचा निवाडा करावा लागला.

मराठीत आपण ‘मैनाने नदी पाहिली’ असे म्हणतो. नदी स्त्रीलिंगी, म्हणून क्रियापद ‘पाहिली’. व्यक्तीविषयी बोलताना कर्माला ‘ला’ लागतो आणि क्रियापद नपुंसकलिंगी होते: ‘मैनाने आजीला पाहिले’. आता ‘मैनाने कानवी पाहिली’ म्हटले तर कानवी हे एक ठिकाण होते, पाहून यायचे स्थळ. ‘मैनाने कानवीला पाहिले’ म्हटले की पलीकडे कोणीतरी आहे. अर्थाने फरक इवलासा आहे, पण मूल तो ऐकते, कारण बोलायला शिकतानाच ते हा भेद शिकलेले असते.

दगडाचा प्रसंग हे याचे उत्तम उदाहरण आहे. पहिल्या प्रकरणात तानू चिडून पाण्यात दगड टाकतो. खर्ड्यात वाक्य होते: ‘तानूने नदीत दगड टाकला.’ नाव घातल्यावर ‘तानूने कानवीत दगड टाकला’ झाले. हे चालते, कारण तेव्हा त्याच्या लेखी कानवी म्हणजे पाणी आहे. सातव्या प्रकरणात मैना त्या दगडाची गोष्ट नदीच्याच तोंडून ऐकते. तिथे नदी सांगते, ‘तुझ्या भावाने मला दगड मारला.’ आणि लगेच पुढचे वाक्य निवेदकाचे आहे, ज्यात मी ‘तानूने कानवीला दगड मारला होता’ असे केले. तोच दगड आहे आणि तोच मुलगा, पण ‘त’च्या जागी ‘ला’ आला, ‘टाकला’चे ‘मारला’ झाले, आणि आता त्या दगडाची जखम होते. यावर खुलासा करणारे एकही वाक्य घालू नये, असे समासात स्वतःलाच बजावून ठेवले आहे.

यातून नियम असा बसला. तिसऱ्या प्रकरणाआधी निवेदक ‘नदी’ म्हणतो आणि कानवी हे नाव फक्त गावकऱ्यांच्या तोंडी येते, म्हणून पहिल्या प्रकरणातल्या दगडाच्या वाक्यात ‘कानवीत’चे पुन्हा ‘नदीत’ करायचे. मैनाला तिचे बोलणे प्रथम ऐकू येते त्या वाक्यात निवेदक पहिल्यांदा ‘कानवी’ म्हणतो आणि नावाला ‘ला’ किंवा ‘ने’ लागतो: ‘कानवीने विचारले’. त्यानंतर पाणी, डोह, पात्र, उतार हे शब्द शरीरासाठी आणि नाव व्यक्तीसाठी. ‘कानवीत पाय सोडून बसली’ हे त्यापुढे कुठेही राहू द्यायचे नाही. ‘पाण्यात पाय सोडून कानवीशी बोलत बसली’ असे करायचे. शोधून पाहता अशी वाक्ये पाचव्या प्रकरणात, घाटावरच्या प्रसंगात सर्वाधिक निघाली. एक तेवढे मुद्दाम ठेवले आहे: नदी बोलते यावर विश्वास नसलेला म्हातारा नावाडी शेवटपर्यंत ‘कानवीत’ असेच म्हणतो.

१ जुलै

झाडाचा प्रश्न थोडक्यात. संगमावरच्या जुन्या वडालाही नाव हवे, असा आग्रह आला आहे. मी त्याच्या विरुद्ध आहे. नदीला नाव तिच्यावर वस्ती झाली की मिळते. झाडाला कोणी रोपटे असताना नाव ठेवत नाही, ते म्हातारे झाल्यावर ठेवतात, म्हणून त्या नावात बहुधा वय तेवढे असते. कॅलिफोर्नियातल्या ज्या ब्रिसलकोन पाइनचे वय १९५०च्या दशकात मोजले गेले आणि साडेचार हजार वर्षांहून जास्त भरले, त्याला मथुसेलह म्हणतात. बायबलमध्ये ९६९ वर्षे जगलेल्या माणसाचे हे नाव. आपल्याकडे याच रीतीने ‘वडआजोबा’ होतो, आणि तो इतक्या बालकथांतून येऊन गेला आहे की त्याने तोंड उघडण्याआधीच तो काय सांगणार हे मुलांना ठाऊक असते.

झाडाला मराठीत जातीबरोबरच लिंग मिळते, हेही ध्यानात ठेवावे: वड, पिंपळ, साग पुल्लिंगी; चिंच, बाभूळ स्त्रीलिंगी; आणि नुसते ‘झाड’ नपुंसकलिंगी. शहाण्या म्हाताऱ्या चिंचेला ‘अगं’ म्हणता येईल, ही कल्पना दुसऱ्या कथेसाठी राखून ठेवतो. इथे गावकऱ्यांसाठी तो केवळ वड आहे आणि कानवी त्याला ‘उभा’ म्हणते. स्वतः सतत वाहणाऱ्या नदीला त्याच्यात दिसणारी गोष्ट तीच. ‘उभ्याला विचार’, ‘उभ्याने पाहिले असेल’ अशी त्याची रूपे सरळ चालतात, आणि नाव ठेवणाऱ्याचा स्वभाव त्यातून कळतो. संपादिकाबाईंना हे पटले.

५ जुलै

नकाशासाठी चित्रकाराने विचारले की नाव प्रवाहाच्या सबंध लांबीवर एकच लिहायचे काय. खऱ्या मोठ्या नद्यांना क्वचितच एक नाव असते. ब्रह्मपुत्राला तिबेटात यारलुंग त्सांगपो, अरुणाचलात सियांग आणि बांगलादेशात जमुना म्हणतात. पंढरपुराला वळसा घालणारी भीमा तेवढ्यापुरती चंद्रभागा होते. खालच्या खोऱ्यातल्या नावाड्यांना मेंढपाळांचे नाव माहीत असण्याचे कारणच नाही. त्यांच्या गावापाशी एक लहान उपनदी येऊन मिळते, तेव्हा त्यांच्या दृष्टीने एक थोरली आणि एक धाकटी. नाव ठरले: थोरली.

यातून कथेला अनपेक्षित फायदा झाला. मैना खाली पोहोचते तेव्हा ‘कानवी कुठे आहे?’ या तिच्या प्रश्नावर लोक हात हलवतात; तसे नाव तिथे कोणी ऐकलेले नाही. नदीला मात्र ते ठाऊक असते, कारण वर मारलेल्या सगळ्या हाका वाहत खाली आलेल्या असतात. उलट वरच्या वस्तीत असताना ‘थोरली’ हे आपलेच नाव तिला कधी कळू शकले नसते. चौथ्या प्रकरणात कानवी एका ठिकाणी ‘मला थोरली म्हणतात’ असे बोलून गेली होती, ती ओळ आज काढली.

९ जुलै

नकाशाचा कच्चा आराखडा आला. उगमाजवळच्या शिळेवर ‘कर्णवती’ कोरलेले आहे, अक्षरे इतकी पुसट की भिंगाशिवाय वाचता येऊ नयेत. मधल्या पट्ट्यात ‘कानवी’, आणि संगमाच्या खाली ‘थोरली’. शिळेवरचा र्ण चित्रकाराने फार ठसठशीत काढला आहे, तो अर्धवट झिजलेला हवा, असे कळवले. अक्षरांचा कल प्रवाहाच्या दिशेने ठेवावा, हेही लिहिले. ‘कानवी’ची वी नेमकी वडाच्या पानांखाली जाते, म्हणून झाड थोडे डावीकडे सरकवायला सांगितले आहे, दुरुस्त आराखडा आल्यावर तिसऱ्या प्रकरणाचा पुन्हा एकदा ‘त’ आणि ‘ला’साठी शोध घ्यायचा.